पीडी ६० असेल तर फ्रेम ५५ ची घ्यावी की ४६ ची?

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ६ आहे आणि पीडी, म्हणजे दोन्ही बाहुल्यांच्या मध्यांतील अंतर, ६० मिलिमीटर. गेल्या काही वर्षांत मी एकाच नंबरच्या दोन फ्रेम वापरल्या. पहिली मोठी, चौकोनी, ५५□१८ ची. दुसरी लहान, गोलसर, ४६□२० ची. आज मी दुसरी वापरतो. तरीही पहिली निवड सरसकट चुकीची होती असे मी म्हणणार नाही, कारण नंबर कमी असता तर कदाचित तीच आजही डोळ्यांवर असती.

काडीच्या आतील बाजूस छापलेल्या या आकड्यांपैकी पहिला काचेच्या रुंदीचा आणि दुसरा नाकावरील ब्रिजचा असतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र त्या दोहोंची बेरीज करून ती स्वतःच्या पीडीशेजारी ठेवून पाहण्याची सवय फारशी कोणाला नसते. मोठ्या फ्रेमची बेरीज ७३ येते, लहान फ्रेमची ६६. म्हणजे पहिल्या फ्रेममध्ये माझी बाहुली काचेच्या मध्यापासून साडेसहा मिलिमीटर नाकाकडे पडते, दुसरीत फक्त तीन. भिंगाचे केंद्र बाहुलीसमोर यायचे असेल, तर काच कापताना ते तेवढेच आत सरकवावे लागते.

मायनसची काच केंद्रापाशी सर्वांत पातळ असते आणि केंद्रापासून जितके दूर जावे तितकी जाड होते. ही वाढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होते, आणि सारा फरक इथेच पडतो. साध्या १.५ इंडेक्सच्या, म्हणजे प्रकाश तुलनेने कमी वळवणाऱ्या काचेसाठी ढोबळ हिशेब असा करता येतो की, केंद्रापासूनचे मिलिमीटरमधील अंतर वर्ग करून नंबराने गुणावे, हजाराने भागावे आणि केंद्रापाशी असलेली सुमारे दोन मिलिमीटर जाडी त्यात मिळवावी. मोठ्या फ्रेममध्ये कानाकडील कड केंद्रापासून ३४ मिलिमीटरवर जाते आणि तिची जाडी नऊ मिलिमीटरच्या आसपास येते. लहान फ्रेममध्ये ती कड २६ मिलिमीटरवर राहते आणि जाडी सहाच्या आसपास थांबते. नाकाकडील कड मात्र दोन्हींत जवळपास सारखीच, साडेचार मिलिमीटरच्या घरात असते. मोठ्या फ्रेमची सर्व जादा जाडी एकाच बाजूला, कानाकडे साठते. माझ्या पहिल्या चष्म्याच्या काड्या मिटताना त्या कडेला टेकून अडत असत, त्याचे कारण हेच होते.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे १.६७ इंडेक्सची पातळ काच. ती मोठ्या फ्रेममध्ये खरोखरच फरक पाडते, कड साडेसहा मिलिमीटरपर्यंत उतरते. पण लहान फ्रेममध्ये साधी काच बसवली तरी कड त्याहून किंचित कमीच भरते. पैसे मोजून जे मिळवायचे, ते नऊ मिलिमीटर अरुंद काच निवडून मिळत असेल, तर आधी फ्रेमचा विचार करणे मला अधिक रास्त वाटते.

तरीही माझा निर्णय जाडीमुळे झाला नाही. तो केंद्रामुळे झाला, आणि ते लक्षात येण्यास मला बराच काळ लागला.

पहिला चष्मा मिळाला त्या दिवशी दुकानात मला वर्तमानपत्र वाचायला दिले. अक्षरे स्वच्छ दिसत होती, म्हणून मी समाधानाने घरी आलो. त्रास सुरू झाला तो दूरचे पाहताना. रस्त्यावरील पाट्या, सभागृहातील पडदा यांकडे अर्धा तास पाहिले की डोळ्यांच्या बाहेरील बाजूस ओढ बसल्यासारखी वाटे आणि संध्याकाळपर्यंत कपाळ जड होई. नंबर पुन्हा तपासून घेतला, तो बरोबरच होता. अखेर दुसऱ्या एका चष्मेवाल्यांनी काचेचा नंबर आणि केंद्र दाखवणाऱ्या लेन्सोमीटर या यंत्रावर दोन्ही काचांच्या केंद्रांवर शाईचे ठिपके दिले आणि पट्टी लावली. ठिपक्यांमधील अंतर ६० नव्हते, ६४ होते.

त्यांनी कारणही दाखवले. काच गोल चकतीतून कापली जाते. माझ्या त्या फ्रेमचा सर्वांत लांब तिरका व्यास सुमारे ५८ मिलिमीटर होता. केंद्र साडेसहा मिलिमीटर आत आणायचे, तर त्यात १३ आणि कापण्यासाठी आणखी दोन मिळवून निदान ७३ मिलिमीटरची चकती लागते. हातात ७० ची चकती असेल, तर कानाकडचा कोपरा अपुरा पडतो, आणि तो भरून काढण्यासाठी केंद्र बाहेर सरकते. माझ्या बाबतीत प्रत्येक डोळ्यामागे ते दोन मिलिमीटर सरकले होते. केंद्र बाहुलीसमोरून सरकले की काच प्रकाश बाजूला वळवते, त्यालाच प्रिझम म्हणतात. सरकलेल्या प्रत्येक सेंटिमीटरला नंबराइतका प्रिझम, या नियमाने ०.२ गुणिले ६, म्हणजे एका डोळ्याला १.२ आणि दोन्ही मिळून २.४ प्रिझम नकळत माझ्या डोळ्यांपुढे आला होता. मायनस काचेची केंद्रे बाहेर गेली की दूरचे पाहताना डोळ्यांना एकमेकांपासून दूर वळावे लागते, आणि या हालचालीची त्यांची क्षमता मुळातच थोडी असते. वाचताना डोळे आत वळलेले असतात, तेव्हा तोच प्रिझम उलट सोयीचा पडतो. त्यामुळे दुकानातील वर्तमानपत्राने मला काहीच सांगितले नाही. लहान फ्रेमला ५८ ऐवजी ४८, त्यात ६ आणि २, अशी ५६ मिलिमीटरची चकती पुरते. ६५ ची चकतीही तिथे सैल पडते आणि केंद्र सरकवण्याची वेळच येत नाही.

हे घरीही ढोबळपणे तपासता येते. चष्मा हातभर दूर धरावा, एक डोळा मिटावा आणि काचेतून दूरच्या दाराची उभी कड पाहावी. काचेच्या आतील कड बाहेरील कडेशी सरळ जुळेपर्यंत चष्मा आडवा सरकवावा आणि जुळते तिथे बारीक ठिपका द्यावा. दुसऱ्या काचेचेही तसेच करून ठिपक्यांमधील अंतर मोजावे. तिरक्या अक्षाचा सिलिंडर नंबर असेल तर ही रेषा तिरपी दिसते आणि मापावर भरवसा ठेवता येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

मोठ्या फ्रेमच्या बाजूने सांगायचे, तर दुचाकीवर वारा आणि धूळ अडवण्यात ती खरेच उजवी होती आणि लहान फ्रेमची कड मला सुरुवातीचे काही दिवस नजरेच्या कोपऱ्यात जाणवत राहिली. नंबर दीडच्या आसपास असेल, तर याच दोन फ्रेममधील जाडीचा फरक मिलिमीटरहूनही कमी उरतो. तिथे आवडीची फ्रेम घ्यायला हरकत नसावी. चेहरा रुंद आणि पीडी कमी असणाऱ्यांची अडचण मला मान्य आहे, कारण लहान काचेची फ्रेम अशा चेहऱ्यावर चिमुकली दिसते. त्यांनी काचेऐवजी ब्रिज आणि कडेचा जाड सांगाडा यांतून रुंदी मिळणारी फ्रेम शोधावी. ब्रिज वाढला तर बेरीज थोडी वाढते, पण काचेची रुंदी वाढल्यावर कानाकडील कड जितकी दूर जाते, त्याच्या निम्मीच ती इथे सरकते.

फ्रेम पसंत केल्यावर मी आता दुकानातच बेरीज सांगतो, पीडी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी मोजून घेतो, कारण नाकापासून माझी उजवी बाहुली २९ वर आणि डावी ३१ वर आहे, आणि चष्मा हाती आला की वाचण्याआधी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी पाहतो.