प्लगला लावायचा युनिट मीटर, सात महिने वापरल्यावर

मे महिन्यात आमचं लाईट बिल १८० युनिटच्या वर गेलं आणि घरात नेहमीचा वाद सुरू झाला, आई म्हणते तुमचे कॉम्प्युटर, मी म्हणतो फ्रिज, बायको म्हणते पोरगा टीव्ही बंदच करत नाही. एसी नाही आमच्याकडे. शेवटी वैतागून हा मीटर मागवला, भिंतीच्या सॉकेटमध्ये हा घालायचा आणि ह्याच्यात फ्रिजची पिन. घेताना आपली गोल तीन पिनवाली सॉकेट असलेलाच बघा, बरेच परदेशी पिनचे येतात आणि मग अडॅप्टरवर अडॅप्टर लावत बसावं लागतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांसारखीच चूक केली. स्क्रीनवर 105 W दिसलं, लगेच १०५ गुणिले २४ करून महिन्याचे ७५ युनिट काढले आणि आईला विजयी मुद्रेने सांगितलं. अर्ध्या तासाने बघतो तर 0 W. कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो ना, त्यामुळे फ्रिजचे वॅट बघून काहीच कळत नाही, बटण दाबून kWh वर, म्हणजे युनिटवर आणायचं आणि आठवडाभर हात लावायचा नाही. आठवडाच का, तर रविवारी पाहुणे, एखाद्या दिवशी गरम दूध तसंच आत ठेवलेलं, एखाद्या दिवशी आपण बाहेरच, हे सगळं त्यात आलं पाहिजे. एका दिवसाच्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही.

पहिला आठवडा वाया गेला. चौथ्या दिवशी लाईट गेली, आली तेव्हा kWh परत शून्य. आतला बटणसेल मेलेला होता, तो बदलला आणि परत सुरुवात केली. तुम्ही घेतलात तर आधी दहा मिनिटं काहीतरी चालवून, पिन काढून परत लावून बघा की आकडा राहतो का.

दुसऱ्या आठवड्यात ११.९ युनिट आले. म्हणजे दिवसाला १.७, महिन्याला ५१, एकट्या फ्रिजचे! आमचा सिंगल डोअर, बारा वर्षांचा. आता गंमत बघा, ११.९ ला आठवड्याच्या १६८ तासांनी भागलं तर सरासरी ७१ वॅट येते आणि चालू असताना तो १०५ घेतो, म्हणजे कॉम्प्रेसर दिवसातले सोळा तास पळतोय. मग मला खटकलं. दारात कागदाचा चिटोरा अडकवून दार लावलं आणि ओढला, खालच्या कोपऱ्यात अलगद निघून आला. रबर गेलेलं. सिडकोतल्या एका मेकॅनिककडून ते बदलून घेतलं, त्याच दिवशी फ्रीजरमधला बोटभर बर्फही वितळवला आणि फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. पुढच्या आठवड्यात ८.६ युनिट, म्हणजे बारा तासांच्या आसपास. तिन्ही गोष्टी एकदम केल्या त्यामुळे कशामुळे किती फरक पडला ते सांगू शकत नाही, एकेक करायला हवं होतं पण दूध नासत होतं, कोण थांबणार!

हो, आणि नंतर डिसेंबरात परत लावला तर आठवड्याचे ५.६ आले. मी खूश, पण ते फ्रिजचं कर्तृत्व नाही, नाशिकच्या थंडीचं आहे. स्वयंपाकघरच गार असलं की कॉम्प्रेसरला काम कमी. म्हणून उन्हाळ्याचा आकडा हिवाळ्याशी लावू नका, बदल करायचा असेल तर आधीचा आणि नंतरचा आठवडा लागोपाठचा घ्या.

टीव्हीचं निघालं उलटंच. टीव्ही रिमोटने बंद केला की स्क्रीनवर शून्य दिसतं (खरं शून्य नसतं, इतके कमी वॅट ह्या मीटरला मोजताच येत नाहीत). पण शेजारचा सेट-टॉप बॉक्स बंद केला तरी ११ वॅट घेतो, चालू असताना १२. म्हणजे रात्रंदिवस मिळून महिन्याला आठ युनिट. आता झोपताना बटणच बंद करतो, सकाळी चालू व्हायला दोन मिनिटं घेतो म्हणून आई ओरडते.

गीझर मात्र ह्याला लावू नका. तो १६ अँपिअरच्या जाड पिनवर असतो, अडॅप्टर लावून घुसवलात तर प्लास्टिक वितळेल. मी घराच्या मीटरवरची लाल लाईट वापरली. आमच्या मीटरवर 3200 imp/kWh लिहिलंय, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट. बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवला आणि अर्धा मिनिट मोबाईलवर व्हिडिओ काढला, हळू करून मोजले तर ५२ ठिपके. तासाचे ६२४०, त्याला ३२०० ने भागलं की १.९५ किलोवॅट. आम्ही सकाळी चाळीस मिनिटं चालू ठेवतो, म्हणजे रोज १.३ युनिट, जवळजवळ उन्हाळ्यातल्या फ्रिजएवढं.

स्क्रीनवर VA पण दिसतं आणि तो आकडा मोठा असतो, त्याला घाबरू नका, घरगुती बिल kWh वरच येतं. आमचं नोव्हेंबरचं १३१ आलं. कॉम्प्युटर अजून मोजलेला नाही, आईने आठवण करून दिलीये.