बोअरच्या पाण्यात फ्रंट लोड की टॉप लोड: एकाच सोसायटीतील दोन यंत्रांचा वापरानंतरचा अनुभव

आम्ही पुण्याच्या पूर्वेला वाघोली भागात राहतो. सोसायटीला पाणी बोअरचे आणि टँकरचे येते. गेल्या वर्षी सोसायटीने करून घेतलेल्या तपासणीत पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरमागे ४२० मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे, यावरून हे पाणी किती जड आहे याची कल्पना यावी. आमच्या घरी ७ किलोचे फ्रंट लोड यंत्र आहे, तर त्याच इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंकडे ७ किलोचे टॉप लोड. दोन्ही यंत्रे साधारण एकाच सुमारास घेतली, त्यामुळे एकाच पाण्यातील तुलना आयतीच हाती आली.

दुकानात गेल्यावर ‘जड पाण्यात फ्रंट लोड टिकत नाही’ असे हमखास ऐकवले जाते. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. जड पाणी दोन निरनिराळ्या प्रकारे त्रास देते. पहिला त्रास म्हणजे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाची शक्ती खातात. दुसरा म्हणजे पाणी तापवल्यावर त्यातला चुना सुटून हीटरवर बसतो. हीटर बहुतेक सर्व फ्रंट लोड यंत्रांत असतो आणि साध्या टॉप लोडमध्ये नसतो, म्हणून दुसऱ्या बाबतीत टॉप लोड सुरक्षित ठरते. पहिल्या बाबतीत मात्र पारडे उलट फिरते.

मुख्य धुलाईसाठी फ्रंट लोड अंदाजे १५ लिटर पाणी घेते. टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात बुडावे लागतात, म्हणून तेवढ्याच कपड्यांना ४५ लिटरच्या आसपास लागते. आमच्या पाण्याच्या हिशेबाने फ्रंट लोडच्या साबणाला सुमारे ६ ग्रॅम क्षारांशी झगडावे लागते आणि टॉप लोडच्या साबणाला सुमारे १९ ग्रॅमशी. हे क्षार निष्प्रभ करायला जवळपास तितक्याच वजनाचा धुण्याचा सोडा लागतो. धुण्याच्या पावडरीत सोडा असतोच, पण १९ ग्रॅम क्षारांना पुरेल इतका एका मापात नेहमी असेल असे नाही. जाऊबाईंच्या घरी पांढरे कपडे करडे पडू लागले आणि गडद कपड्यांवर पांढरट पूड दिसू लागली, त्याचे कारण हेच होते. त्यांनी साबण वाढवून पाहिला, तर फेस वाढला आणि खळबळून काढणे कठीण झाले. मग पावडरीचे माप तेच ठेवून प्रत्येक धुलाईत सपाट दोन चमचे धुण्याचा सोडा घालायला सुरुवात केली आणि फरक पडला. लोकर आणि रेशीम यांना मात्र सोडा चालत नाही.

याच कारणाने जड पाण्यात मला द्रवरूप डिटर्जंटपेक्षा पावडर बरी वाटते. द्रवात सोड्यासारखे क्षार आवरणारे घटक सहसा कमी असतात. फ्रंट लोडसाठी कमी फेसाची पावडर वेगळी मिळते, तीच घ्यावी.

आता हीटरकडे वळू. पाणी जितके जास्त तापवावे तितका चुना जास्त सुटतो. आमचे रोजचे कपडे ४० अंशांवर धुतले जातात आणि ६० अंशांचा कार्यक्रम केवळ चादरी व टॉवेलांसाठी राखलेला आहे. ४० अंशांनाही हीटरचा पृष्ठभाग पाण्यापेक्षा गरम असतो, त्यामुळे थर बसणे पूर्ण थांबत नाही, पण वेग बराच मंदावतो. थर बसत असल्याची खूण अशी की पाणी तापायला अधिक वेळ लागू लागतो आणि पडद्यावर दाखवलेली वेळ पुढे सरकता सरकत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकून ६० अंशांचा कार्यक्रम चालवावा. त्यात ब्लीच कधीही मिसळू नये. वॉरंटी चालू असेल तर कंपनीने सांगितलेली डिस्केलिंग पावडर वापरणे शहाणपणाचे. हीटर नसलेल्या टॉप लोडमध्ये आतल्या व बाहेरच्या टबाच्या मधे साबणाचा चिकट थर साठतो आणि पुढे त्याचे तुकडे कपड्यांवर येतात. ४५ लिटर गार पाण्यात तेच सायट्रिक अ‍ॅसिड फारसे काम करत नाही, म्हणून जाऊबाई बादलीने गरम पाणी ओततात आणि तासभर तसेच ठेवतात.

पिळण्याच्या वेगाचा जड पाण्याशी संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कपड्यात जेवढे पाणी उरते, तेवढ्यातले क्षार वाळताना धाग्यातच राहतात आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो. आमचे यंत्र मिनिटाला १२०० फेऱ्यांनी पिळते आणि त्यांचे ७०० च्या आसपास, त्यामुळे आमचे टॉवेल मऊ राहतात आणि पावसाळ्यात घरात लवकर वाळतात.

लहान फ्लॅटमध्ये जागा मोजताना केवळ लांबी-रुंदी पाहून भागत नाही. फ्रंट लोडची उंची साधारण ८५ सेंटिमीटर असल्याने ते नेहमीच्या ओट्याखाली बहुधा मावत नाही, आणि दार उघडून कपडे काढायला समोर हातभर मोकळी जागा लागते. टॉप लोडचे झाकण उघडल्यावर एकूण उंची सव्वा मीटरच्या पुढे जाते. ड्राय बाल्कनीत वर नळ किंवा फळी असेल तर नेमके तिथेच अडते. सांडपाण्याचाही मुद्दा आहे. पंप नसलेल्या टॉप लोडचा पाइप जमिनीलगत नहाणी ट्रॅपमध्ये सोडावा लागतो, तर फ्रंट लोडचा पाइप सुमारे ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून वळवून आणावा लागतो. तो थेट जमिनीवर सोडला तर भरलेले पाणी आपोआप ओढले जाऊन वाहून जाते आणि यंत्र पुन्हा पुन्हा पाणी घेत राहते. बसवायला आलेला माणूस घाईत असतो, तेव्हा हे आपणच पाहावे.

वरच्या मजल्यावर गच्चीतील टाकी अगदी डोक्यावर असल्याने पाण्याला दाब मिळत नाही. अनेक यंत्रांना किमान ०.३ बार, म्हणजे नळापासून टाकीतील पाण्यापर्यंत सुमारे ३ मीटर उंची लागते. जाऊबाईंकडे तेवढी नव्हती. फ्रंट लोड घ्यायचे तर दाब वाढवणारा पंप आला असता. टॉप लोडमध्ये वेळ पडल्यास झाकण उघडून बादलीने पाणी भरता येते, शिवाय व्हर्लपूलच्या अनेक टॉप लोडमध्ये कमी दाबावर भरणारा ‘झेडपीएफ’ व्हॉल्व्ह असतो. त्यांच्यासाठी त्यांची निवड योग्यच होती, आणि मी त्या मजल्यावर राहत असते तर मीही तीच केली असती.

ब्रँडच्या जाहिराती या दृष्टीने वाचाव्यात. गोव्यात वेर्णा येथे कारखाना असलेली आयएफबी आपल्या यंत्रांत ‘अ‍ॅक्वा एनर्जी’ नावाचे उपकरण देते. कंपनीच्याच म्हणण्यानुसार ते क्षारांचे बारीक स्फटिक करते, म्हणजे क्षार पाण्यातच राहतात आणि डिस्केलिंग टळत नाही. सॅमसंगच्या अनेक फ्रंट लोडमध्ये सिरॅमिक हीटर असतो, त्याचा उपयोग थर कमी बसण्यापुरता. एलजीची पट्ट्याविना चालणारी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर आवाज आणि कंप यांसाठी चांगली असली तरी जड पाण्याशी तिचा काहीही संबंध नाही. हीटर असलेले टॉप लोड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की जास्त पाणी आणि तापणारा हीटर असे दोन्ही त्रास त्यात एकत्र येतात. निर्णय अडलाच तर दोन प्रश्न विचारावेत: आपल्या पिनकोडवर कंपनीचे स्वतःचे सेवा केंद्र आहे का, आणि क्षारांमुळे हीटर गेला तर तो वॉरंटीत धरला जातो का? दुसऱ्याचे उत्तर तोंडी न घेता वॉरंटीच्या कागदावर शोधावे.