कून की कोस्लर?

निवृत्तीनंतर खगोलाचा इतिहास सावकाश वाचायचा, तर दोन जाडजूड पुस्तकं समोर येतात: थॉमस कूनचं 'द कोपर्निकन रिव्होल्यूशन' (1957) आणि आर्थर कोस्लरचं 'द स्लीपवॉकर्स' (1959).

कोस्लर गोष्ट सांगतो. केप्लरने मंगळासाठी वर्तुळाची कक्षा जमवली, पण खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी ती 8 कलांनी चुकली. कला हा अंशाचा साठावा भाग, तेव्हा 8 कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. तेवढ्यासाठी केप्लरने वर्षांची मेहनत मोडली! ही पानं मी तीनदा वाचली आहेत. मात्र कोपर्निकसचा ग्रंथ कुणी वाचलाच नाही, हे कोस्लरचं म्हणणं टिकलं नाही. खगोलाचा इतिहासकार ओवेन गिंगरिच याने त्या ग्रंथाच्या जुन्या प्रती धुंडाळल्या, तर समासांत वाचकांची टिपणं निघाली.

कून सुरुवात करतो काठीच्या सावलीपासून. इथे घाई चालत नाही, काठी खरंच उभी करावी. मी कोथरूडच्या गच्चीवर एक मीटरची केली. डिसेंबरच्या अयनदिनी ऐन मध्यान्ही सावली साधारण 90 सेंटिमीटर, उत्तरेकडे. पण कूनचं वर्णन पुण्याहून बऱ्याच उत्तरेच्या अक्षांशांचं आहे, तिथे मध्यान्हीची सावली कायम उत्तरेलाच पडते. आपल्याकडे मेच्या मध्यात ती नाहीशी होते आणि जुलै सरेपर्यंत दक्षिणेला पडते, जूनमध्ये जेमतेम नऊ सेंटिमीटर. ढग असले तर वाट पाहावी लागते.

मी आधी कूनच घ्या म्हणेन. पृथ्वी स्थिर मानणं किती सयुक्तिक होतं हे त्यातून कळतं, आणि मग केप्लरच्या त्या 8 कला जास्त बोचतात.