झाकणाचा फोटो पाठवा, रंग जुळवून देतो: या बोलण्याला फसू नका

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये पावसाळ्यात ओल आली. ओल थांबवून भिंतीचा खालचा तुकडा नव्याने पुट्टी लावून तयार केला. बाकी भिंतीचा रंग चार वर्षांचा, पण चांगल्या स्थितीत होता, म्हणून तेवढाच तुकडा जुळवायचं ठरलं. जुन्या डब्याचं झाकण माळ्यावर सापडलं. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर गेला आणि दहा मिनिटांत ठेकेदाराचं उत्तर आलं, "काही काळजी नका करू काकू, हुबेहूब येऊन जाते."

पहिली गफलत इथेच झाली. फोटोत शेडचा कोड स्पष्ट दिसत होता, पण स्टिकरचा अर्धा भाग रंगाच्या ओघळाखाली गेला होता. उत्पादनाचं नाव आणि बेस, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळून शेड बनते तो मूळ रंग, त्या झाकलेल्या भागात होते. शेडचा कोड फक्त रंग सांगतो. तोच कोड दुकानातल्या शेड बनवायच्या मशीनमध्ये स्वस्त इंटिरियर इमल्शनसाठी टाकता येतो आणि महागड्या सॅटिन इमल्शनसाठीही. प्रत्येक उत्पादनासाठी स्टेनरचं, म्हणजे मिसळायच्या रंगद्रव्याचं, प्रमाण वेगळं असतं, तरी शेवटी रंग जवळपास एकच दिसतो. चमक मात्र एकसारखी नसते, आणि भावात सहज दुपटी-तिपटीचा फरक पडतो. फसवणुकीला जागा मिळते ती नेमकी इथे.

बिल झालं चार लिटर सॅटिनचं. रंग घरी आला तो एका जुन्या पांढऱ्या बादलीत. "पाणी घालून तयार करूनच आणला," असं सांगितलं. पुरावा म्हणून पाठवला एका झाकणाचा फोटो.

रंग लागला, वाळला, आणि सकाळी समोरून पाहिलं तर खरंच जुळलेला वाटला. संध्याकाळी बाल्कनीतून तिरपं ऊन भिंतीवर आलं, तेव्हा खालचा भाग वेगळा उमटला: बाकी भिंत रेशमासारखी चमकते आणि हा चौकोन पिठूळ, मेलेला. ठेकेदाराचं म्हणणं होतं की पुट्टीने रंग ओढला. मग त्याने उपाय सांगितला तो पूर्ण भिंतीचा, आणि त्यासाठी आणखी दहा लिटर घ्यायला लावले.

पुट्टीचं कारण खोटंच असतं असं नाही. प्रायमर न लावलेली पुट्टी रंगातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, शोषून घेते आणि तिथे चमक मरते. पण तशा वेळी मंदपणा पुट्टीच्या आकारात दिसतो, म्हणजे वेडावाकडा, जिथे पुट्टीचा पत्रा फिरला तिथेच. इथे मंदपणा रोलर जिथवर फिरला तिथवर सरळ रेषेत होता. पुट्टीच्या बाहेर, जुन्या रंगावर जो चार-सहा इंच नवा रंग चढला होता, तोही तितकाच मंद. म्हणजे दोष रंगातच होता. हे तपासायला मोबाइलची टॉर्च पुरते: भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका आणि बाजूने पाहा. समोरून पाहिलं तर चमकेतला फरक लपतो.

नंतर पुरावा म्हणून आलेला फोटो मोठा करून पाहिला. मशीनमधून निघणाऱ्या बहुतेक स्टिकरवर तारीख आणि पॅकचं माप छापलेलं असतं. त्या झाकणावर तारीख दोन महिने आधीची होती आणि माप वीस लिटरचं. झाकण दुसऱ्याच घरच्या कामाचं होतं.

दहा लिटरचा हिशेबही तपासण्यासारखा होता. भिंत बारा बाय दहा फूट, म्हणजे १२० चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना एका लिटरमध्ये साधारण ६० चौरस फूट धरले तरी दोन लिटर लागतात. राखून अडीच धरा. टिंट केलेला, म्हणजे मशीनवर शेड मिसळून घेतलेला, रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, त्यामुळे जास्तीचे लिटर तुमच्याच गळ्यात पडतात.

फोटोवरून रंग जुळवायचं म्हणणाऱ्यावर विश्वास का ठेवू नये, याचं कारण सोपं आहे. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्या रंगाचा तोल आपला आपणच बदलतो. पिवळ्या दिव्याखालची क्रीम भिंत तो पांढरट करतो, ट्यूबलाइटखाली तीच हिरवट दाखवतो, आणि समोरच्याची स्क्रीन त्यात आणखी भर घालते. झाकणावर बोटाने लावलेला ठिपकाही नमुना म्हणून कच्चा: तो जाड असतो, पत्र्यावर वाळलेला असतो आणि त्याने चार वर्षं उजेड पाहिलेला नसतो. भिंतीने पाहिलेला असतो. नागपूरच्या उन्हात खिडकीजवळची भिंत, विशेषतः पिवळ्या-केशरी शेडची, मूळ कोडपासून दूर गेलेली असते. त्यामुळे कोड अगदी बरोबर असला तरी नवा तुकडा ताजा आणि गडद दिसू शकतो. झाकणाच्या फोटोचा खरा उपयोग फक्त उत्पादन, बेस आणि कोड वाचण्यापुरता. तोही पूर्ण स्टिकर दिसेल असा, सावली न पाडता काढा.

जुळवायचंच असेल तर भिंतीचा तुकडा न्या. ज्या भागाशी जुळवायचं, त्याच भिंतीवर सोफ्यामागे किंवा कपाटाच्या कडेला कटरने इंच-सव्वा इंचाचा चौकोन कापा. पुट्टीच्या पापुद्र्यासकट पत्र्याने अलगद उचला. स्विचबोर्डच्या प्लेटमागून काढला तर तिथला रंग फिका पडलेला नसतो, तो उघड्या भिंतीशी जुळणार नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसून तुकडा वाळू द्या. ज्या दुकानात रंग मोजायचं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, तिथे तीन वेगवेगळ्या जागी मोजायला सांगा. पण यंत्र रंग सांगतं, फिनिश नाही. फिनिश तुकडा उजेडात तिरपा धरून तुम्हालाच ठरवावं लागतं: मॅट, शीन, सॅटिन की ग्लॉस. शंका असेल तर दुकानातल्या फिनिशच्या नमुन्याशेजारी धरून पाहा.

मग आधी सर्वांत छोटा डबा घ्या. पांढऱ्या जाड कार्डावर दोन हात मारून रात्रभर वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर बहुधा गडद होतं. ओल्या रंगावरून दिलेली कोणतीही ग्वाही ऐकू नका. कार्डाची पांढरी कडा कापून ते भिंतीला चिकटवा आणि तीनदा पाहा: सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली. काही रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. तीनपैकी एकात जरी कड उठून दिसली, तर तुकडा रंगवू नका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्या. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड वेगळा पडतो, म्हणून थोडा फरक तिथे डोळ्याला जाणवत नाही.

रंग बादलीत ओतून आलेला स्वीकारू नका. सील डबा समोर उघडून घ्या. टिंट केलेला असेल तर स्टिकरवरची तारीख, माप, बेस आणि डब्याच्या अंगावरचं उत्पादनाचं नाव एकमेकांशी पडताळून मगच झाकण काढू द्या. बिलावर नुसतं 'पेंट ४ लिटर' चालवू नका, उत्पादन, फिनिश, कोड आणि बॅच नंबर लिहून घ्या. त्या फ्लॅटच्या बिलावर 'सॅटिन' हा शब्द होता, म्हणूनच पैसे परत मागता आले. ठेकेदाराने टाळलं असतं, तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवायची होती. भिंत शेवटी अडीच लिटर सॅटिनमध्ये पूर्ण झाली, आणि उरलेला पाव लिटर रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, पूर्ण स्टिकर चिकटवून, माळ्यावर गेला.