माल गोदामातच, बिल मात्र परतीच्या भाड्याचं

औशाजवळ आमची पिठाची गिरणी आहे. मिरची कांडायला पल्व्हरायझर घ्यायचा म्हणून राजकोटच्या एका व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर ऑर्डर टाकली. किंमत ६८,००० रुपये, त्यातले २०,००० आगाऊ भरले. चौथ्या दिवशी कळलं, थ्री फेजचं कनेक्शन इतक्यात मिळत नाही. त्याच संध्याकाळी फोन लावला, "भाऊ, ऑर्डर रद्द करा." तो म्हणाला, "काका, माल तर दुपारीच निघाला." पुरावा म्हणून माल वाहून न्यायला लागणाऱ्या ई-वे बिलाचा फोटोही पाठवला. चूक माझी, त्यामुळे मी गप्प बसलो.

आठवड्यानं बिल आलं. रीस्टॉकिंग १५ टक्के म्हणजे १०,२००, कॅन्सलेशन ५ टक्के म्हणजे ३,४००, जाण्यायेण्याचं भाडं ४,२००, वर १८ टक्के जीएसटी. एकूण २१,००४. म्हणजे आगाऊ गेलेच, वर १,००४ मलाच द्यायचे!

बिल घेऊन लातूरला आमच्या कर सल्लागाराकडे गेलो. त्यानं बिल बाजूला ठेवलं आणि फोनमधला तो फोटो मोठा केला. वर लिहिलं होतं Part-A Slip. गाडी नंबरची जागा रिकामी. खाली बारीक अक्षरात: Not Valid for Movement as Part B is not entered. भाग अ मध्ये माल कोणाचा, कोणाला, किती रुपयांचा एवढंच असतं. गाडी ठरली की तिचा नंबर भाग ब मध्ये भरतात आणि मगच माल रस्त्यावर आणता येतो. ही स्लिप तर दुकानात बसून दोन मिनिटांत निघते. व्यापाऱ्याकडे बिल्टी नंबर मागितला, तर त्याची टाळाटाळ सुरू. रीस्टॉकिंग म्हणजे परत आलेला माल उघडून, तपासून, पुन्हा बांधून ठेवायचा खर्च. आमची पेटी गोदामातून हललीच नव्हती, मग कुठलं उघडणं आणि कुठलं भाडं?

माल खरोखर निघाला असता आणि ही रक्कम ऑर्डरच्या वेळीच लिहून दिली असती, तर भाडं मी मुकाट्यानं भरलं असतं. पण ऑर्डरच्या पावतीवर टक्केवारीचा शब्दही नव्हता. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे की, विक्रेता स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर तसाच भुर्दंड सोसत असेल, तरच ग्राहकाकडून रद्द करण्याचे पैसे घेता येतात. धंद्यासाठी घेतलं म्हणून आपण ग्राहक नाही, असंही समजू नका. स्वतः राबून पोट भरायला घेतलेलं यंत्र ग्राहक कायद्यात बसतं.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, स्लिपचा फोटो जोडला. त्यानंतर व्यापाऱ्याचाच फोन आला, आवाज एकदम मऊ. १६,६०० परत आले. ३,४०० त्यानं ठेवून घेतले. आणखी भांडत कोण बसतो, म्हणून सोडले. हळहळ अजून आहे.

आता कुणी "माल निघाला" म्हटलं की मी आधी गाडी नंबर विचारतो.