कानबाईच्या आधी डीप क्लिनिंगवाल्यांनी ५,२९९ रुपये नेले आणि ओट्याची वाट लावली

भुसावळला आमच्याकडे कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी रोटांना घरात, त्यामुळे त्याआधी घर लख्ख लागतंच. सासूबाईंचे गुडघे धरलेले, माझी नोकरी, म्हणून यंदा डीप क्लिनिंगवाल्यांना बोलावलं. किचन, दोन बाथरूम आणि पाच सीटचा सोफा मिळून ४,४९९. त्यातले १,५०० ॲडव्हान्स फोनवरून पाठवले. स्वस्ताला भुलली म्हणून कोणी मला शिकवू नये. नंतर एका जुन्या सफाईवाल्याला विचारलं, त्याचा हिशेब ५,४५० झाला. संशय यावा एवढा फरक होता का?

दोन पोरं आली. जाहिरातीत सोफ्यात साबणाचं पाणी सोडून मळकं पाणी लगेच ओढून घेणारं मशीन दाखवलं होतं. हातात मात्र बादली, ब्रश, घरात झाडायचा व्हॅक्यूम आणि लेबल नसलेला पांढरा कॅन. कॅनमध्ये काय आहे विचारलं, तर "ताई, इम्पोर्टेड केमिकल आहे, सगळ्याला चालतं." बाथरूमच्या टाइल्सवरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार त्याने खरोखर क्षणात निघाले. तिथेच विश्वास बसला.

मग तोच कॅन ओट्यावर आला. आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा आहे. पातळ करून ओतल्याबरोबर चर्रर्र आवाज झाला आणि पांढरा फेस उसळला. तो पोरगा म्हणतो, "बघा ताई, किती वर्षांचा मळ वर येतोय!" हाच तो क्षण. आठवला की अजून जीव जळतो. तो मळ नव्हता, तो माझा ओटा होता. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की दगडच विरघळतो आणि त्यातून निघणाऱ्या वायूचा तो फेस. पण जन्मभर साबणाचा फेस बघितलेल्या बाईला फेस म्हणजे मळ निघतोय असंच वाटणार ना? त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते वाक्य तोंडपाठ होतं.

सुकल्यावर ओटा राखाडी पडला, बोट फिरवलं तर खरखरीत. चकाकी गेल्यामुळे आता हळद सांडली की डाग आत मुरतो. तेल चोळलं तर दोन दिवस काळा दिसतो, पुन्हा तसाच. पॉलिशवाल्याने मशीनने घासून द्यायचे २,८०० सांगितलेत.

घरी बोलावण्याआधी एवढं कराच: ओट्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लिंबाचे दोन थेंब टाका आणि लगेच पुसा. बुडबुडे आले किंवा डाग पडला तर तिथे ॲसिड लागू द्यायचं नाही. कडप्पा, कोटा, संगमरवर, सगळ्यांना हाच नियम. त्यांना भांड्यांचा साधा साबण आणि पाणी पुरे.

बाथरूममध्ये तर त्यांनी ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकली. घसा चिरल्यासारखा झाला, सासूबाईंना खोकल्याची उबळ थांबेना. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. असा वास आला की काही धूत बसू नका, आधी सगळ्यांना घेऊन उघड्यावर या.

सोफा नुसता फेसाने चोळून ओला केला. "चार तासांत सुकेल." श्रावणातल्या हवेत? फोम आतून ओलाच राहिला आणि त्याला कुबट वास सुटला. त्याच सोफ्यावर पाहुणे बसवायची वेळ आली. मशीन खरं असेल तर त्याच्या टाकीत काळं पाणी जमतं. ते बघितल्याशिवाय आणि सीटवर कोरडा टॉवेल जोरात दाबून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्याकडून चिमणीचे ८०० वरून लावले आणि उरलेले ३,७९९ दारातच घेतले. रात्री फोन केला तर ब्लॉक.

पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं ते असं: "काम केलं ना त्यांनी? मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." ॲसिडला इम्पोर्टेड केमिकल सांगून दगड जाळला, जाहिरातीतलं मशीन आणलंच नाही, ही फसवणूक नाही? फोटो दाखवले तर म्हणे पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतःच दिलेत, ठाण्यात जा. एकानेही साधा अर्ज घेऊन पोच दिली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त मोबाइल नंबर. नंबरावरून पत्ता काढणं ज्यांच्या हातात आहे, ते मला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतायत.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी नाव-पत्ता असलेलं बिल मागा, आणि लेबल नसलेला कॅन उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. बहिणीच्या फोनवरून बघितलं, त्या नंबरच्या स्टेटसला आता गौरी-गणपतीची ऑफर लागली आहे, तेच ४,४९९.