सजावटीचं कॅलेंडर : ऑगस्ट ते गुढीपाडवा वापरून बघितलं

ऑगस्टमध्ये १८० रुपयाला घेतलं होतं, भिंतीवर लावायचं. सणाच्या सहा आठवडे आधीपासून खरेदी, मग बनवणं, मग टांगणं, आणि शेवटी उतरवणं असे रकाने, तारखा आपण भरायच्या. गणपतीत घाईघाईत अर्धच वापरलं, त्यामुळे खरा अनुभव दिवाळीचाच.

लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. सामान पाच आठवडे आधी आणा असं त्यात होतं ते एकदम पटलं, कारण वसुबारस जवळ आली की मेन रोडला पाय ठेवायला जागा नसते. बुरुडाकडून कामट्या आणल्या, चांदणीच्या आकाशकंदिलाला दोन फुटी दहा लागतात, पाच पुढच्या पाच मागच्या, टोकं दोऱ्याने बांधायची आणि मधे पाच छोटे आडवे तुकडे अडकवले की पोट फुगतं.

घोळ पुढे झाला. कॅलेंडरात तीन आठवडे आधी "कंदील पूर्ण" आहे. म्हणजे आपल्याकडे सप्टेंबर अखेर, आणि नाशकात तेव्हा पाऊस धो धो. मी तसाच पतंगी कागद खळीने चिकटवला. ओल्या हवेत कागद फुगलेला असतो हो, तो तसाच ताणून बसवला, आठ दिवसांनी ऊन पडल्यावर आकसला आणि दोन कोपरे टर्रकन फाटले, खळीवर काळे ठिपके आले ते वेगळंच. सगळा कागद खरवडून काढला आणि १२ तारखेला परत लावला, तो शेवटपर्यंत टिकला. म्हणून सांगते, सांगाडा आधी करून ठेवा, कागद मात्र शेवटच्या आठवड्यातच, कडक ऊन बघून.

टांगताना वजन वायरवर नको हे त्यात छापलंय, चांगलं केलंय. कंदील सुतळीवर, वायर नुसती सैल सोडलेली. आत ५ वॅटचा एलईडी, पूर्वीचा पिवळा बल्ब कागद करपवायचा.

उतरवायची तारीख मात्र भाऊबीजेनंतर लगेच छापलीये! सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुळशीचं लग्न व्हायचंय अजून." मग त्रिपुरी पौर्णिमेला, ५ नोव्हेंबरला उतरवला. झेंडूचं तोरण तेवढं आधीच काढलं, पाकळ्या काळ्या पडून फरशीला डाग पडायला लागले होते.

आडव्या काड्या काढल्या की चांदणी सपाट होते, माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. लाईटच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळून लांबी लिहिली, पाडव्याला गुढीभोवती हवी तेवढी माळ पहिल्या फटक्यात सापडली. शेवटी "पुढच्या वर्षी काय नको" असा रकाना आहे, सगळ्यात कामाचा तोच, पण चारच ओळींचा, मला मागचं पान पण लागलं.

पाचपैकी साडेतीन. पेन्सिलनेच भरा, कागद गुळगुळीत आहे, बॉलपेन फरकटतं.